निमंत्रित तज्ज्ञांची विषयनिहाय उपस्थिती : नैतिकता समितीच्या कार्यालयाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय महाविद्यालये आणि संशोधन करणारी रुग्णालये यांच्या संस्थात्मक नैतिकता समितीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एथिक्स कमिटीत, एखाद्या प्रस्तावापुरता बाहेरचा विषयतज्ज्ञ बोलावण्याची पद्धत जुनी आहे. तो अर्धा तास येतो, मत देतो आणि जातो. मात्र त्याच्या येण्याजाण्याची नोंद कुठे आणि कशी करायची, याबद्दल सदस्य-सचिव आणि कार्यालयीन सहायक यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

निमंत्रित तज्ज्ञ आणि समितीतील तज्ज्ञ सदस्य यांत फरक काय?

समितीचे बहुतेक सदस्य कशाचे तरी तज्ज्ञच असतात. कोणी औषधशास्त्रज्ञ, कोणी शल्यचिकित्सक, कोणी वकील. त्यामुळे ‘तज्ज्ञ’ हा शब्द येथे फसवा ठरतो. फरक ज्ञानाचा नसून नेमणुकीचा आहे. सदस्याला संस्थाप्रमुखाने लेखी नियुक्तिपत्र दिलेले असते, त्याचे नाव समितीच्या नोंदणीच्या वेळी सादर केलेल्या यादीत असते आणि त्याला निर्णयात मत असते. निमंत्रित तज्ज्ञाला फक्त एका बैठकीतील एका किंवा दोन विषयांसाठी बोलावलेले असते. 19 मार्च 2019 रोजी अधिसूचित झालेल्या ‘नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमां’नी समितीला सदस्य नसलेल्या तज्ज्ञांना चर्चेत सामील करून घेण्याची मुभा दिली आहे; पण त्यांना मतदानाचा अधिकार नसेल, असेही त्याच वाक्यात म्हटले आहे. आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. हजेरीपत्रकात ‘तज्ज्ञ’ एवढेच न लिहिता ‘निमंत्रित विषयतज्ज्ञ (मताधिकार नाही)’ असे पूर्ण लिहावे, म्हणजे पुढे कागद वाचणाऱ्याला अर्थ शोधत बसावे लागणार नाही.

एकाच हजेरीपत्रकावर सर्वांच्या सह्या घेतल्या तर काय बिघडते?

बिघाड त्या दिवशी दिसत नाही. बैठकीच्या सुरुवातीला दारापाशी ठेवलेल्या कागदावर सहा सदस्यांच्या, एका तज्ज्ञाच्या आणि दोन संशोधकांच्या सह्या झाल्या, की बैठकीला नऊ जण होते एवढेच त्यावरून कळते. तिसऱ्या विषयाचा निर्णय होत असताना खोलीत कोण होते, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येत नाही. पुढे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे निरीक्षक येतात किंवा प्रायोजक कंपनीचा लेखापरीक्षक येतो, तेव्हा तो एक विशिष्ट प्रस्ताव हातात घेतो आणि त्या प्रस्तावापुरतीच गणपूर्ती होती का, असे विचारतो. सबंध बैठकीची गणपूर्ती हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण नैतिकता समितीच्या बैठकीत सदस्य हितसंबंधांमुळे एखाद्या विषयापुरते बाहेर जातात, काही जण उशिरा येतात आणि काही जण ओपीडीसाठी लवकर उठतात. उपस्थितीचा आकडा विषयागणिक बदलतो.

आमचा आग्रह दोन स्वतंत्र कागदांचा आहे. पहिल्यावर केवळ सदस्य, दुसऱ्यावर केवळ निमंत्रित. निमंत्रितांच्या कागदावर प्रत्येक नावापुढे विषय क्रमांक, आत येण्याची वेळ आणि बाहेर जाण्याची वेळ असे तीन रकाने असावेत. या दोन्हींवरून इतिवृत्तात प्रत्येक विषयाखाली त्या विषयाची उपस्थिती लिहायची असते.

गणपूर्ती नेमकी कशी मोजावी? तज्ज्ञ स्वतः डॉक्टर असेल, तर तो चिकित्सकाच्या जागी धरता येईल का?

येत नाही, आणि बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. चिकित्सालयीन चाचणीच्या प्रस्तावावर विचार करताना किमान पाच सदस्य हवेत, ही गोष्ट सर्वांना पाठ असते. पण नियम पाच डोक्यांवर थांबत नाही. त्या पाचांत वैद्यकशास्त्रज्ञ (शक्यतो औषधशास्त्रज्ञ), प्रत्यक्ष रुग्णोपचार करणारा चिकित्सक, विधिज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा नीतितज्ज्ञ अशांपैकी एक, आणि सर्वसामान्य व्यक्ती, अशा पाच भूमिका भरलेल्या असाव्या लागतात. या सर्व भूमिका सदस्यांनीच भरायच्या आहेत. त्या दिवशी खोलीत बसलेला निमंत्रित बालरोगतज्ज्ञ कितीही नामांकित असला, तरी चिकित्सकाची रिकामी जागा त्याच्यामुळे भरत नाही.

म्हणून गणपूर्तीच्या नोंदीत ‘उपस्थित सदस्य : 5’ एवढेच न लिहिता कोणती भूमिका कोणी भरली, हे त्या विषयाखाली लिहावे. एक ओळ जास्त लागते खरी, पण आकडा बरोबर आणि रचना चुकीची असेल, तर ते या एका ओळीमुळेच लक्षात येते.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन सांगता येईल का?

एक नमुना बैठक घेऊ. समिती नऊ सदस्यांची आहे आणि दुपारी 2.30 वाजता सहा जण हजर आहेत. अध्यक्ष समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असून संस्थेबाहेरचे आहेत. सदस्य-सचिव औषधशास्त्र विभागातील आहेत. शिवाय एक वकील, सर्वसामान्य व्यक्ती म्हणून नेमलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, बाहेरचे एक संख्याशास्त्रज्ञ आणि वैद्यकशास्त्र विभागातील एक चिकित्सक. शल्यचिकित्सा विभागातील दुसऱ्या चिकित्सक सदस्यांनी शस्त्रक्रिया आटोपून ऑनलाइन येतो असे कळवले आहे. तिसरा विषय लहान मुलांमधील नव्या इन्सुलिनच्या चाचणीचा आहे आणि समितीत बालअंतःस्रावतज्ज्ञ नसल्यामुळे बाहेरच्या एका तज्ज्ञांना ऑनलाइन बोलावले आहे.

3.10 ला तिसरा विषय पुकारला जातो आणि 3.12 ला तज्ज्ञांना प्रतीक्षा कक्षातून आत घेतले जाते. तेवढ्यात वैद्यकशास्त्राचे चिकित्सक सांगतात, की या चाचणीत ते स्वतः सहसंशोधक आहेत. (हे खरे तर विषयपत्रिका पाठवतानाच विचारून घ्यायला हवे होते. विषय पुकारल्यावर विचारले, की असेच होते.) ते बाहेर गेले, तर सदस्य पाच उरतात, म्हणजे आकडा पुरतो, पण त्या पाचांत एकही चिकित्सक नाही. येथे घाई करणारा सचिव म्हणेल, तज्ज्ञ आहेतच की, ते चिकित्सकच आहेत. सावध सचिव अध्यक्षांना सांगेल, की हा विषय आत्ता घेता येणार नाही.

अध्यक्ष तिसरा विषय मागे ठेवतात. 3.18 ला तज्ज्ञ पुन्हा प्रतीक्षा कक्षात जातात आणि चौथा व पाचवा विषय घेतला जातो. 3.58 ला, म्हणजे पाचव्या विषयाची चर्चा संपत आली असताना, शल्यचिकित्सक जोडले जातात. 4.05 ला तिसरा विषय पुन्हा सुरू होतो, सहसंशोधक असलेले सदस्य बाहेर जातात, तज्ज्ञ 4.07 ला आत येतात, प्रमुख संशोधक 4.08 ते 4.20 माहिती देऊन व प्रश्नांची उत्तरे देऊन जातात, तज्ज्ञ 4.27 ला मत संपवून जातात आणि 4.40 ला निर्णय होतो.

इतिवृत्ताच्या सुरुवातीला जोडायचा तक्ता असा दिसेल :

| विषय | वेळ | निर्णयात भाग घेणारे सदस्य | बाजूला झालेले सदस्य | निमंत्रित |
|---|---|---|---|---|
| 3 (पहिल्यांदा) | 3.10–3.18 | निर्णय नाही. विषय मागे ठेवला | चिकित्सक (वैद्यकशास्त्र) यांनी हितसंबंध घोषित केले | विषयतज्ज्ञ 3.12–3.18, मत घेतले नाही |
| 4 | 3.20–3.45 | 6 | नाही | नाही |
| 5 | 3.45–4.05 | 6 | शल्यचिकित्सक 3.58 ला आले. निर्णयात भाग नाही | नाही |
| 3 (पुन्हा) | 4.05–4.40 | 6 | चिकित्सक (वैद्यकशास्त्र), 4.05 ला बाहेर, 4.41 ला परत | विषयतज्ज्ञ 4.07–4.27; प्रमुख संशोधक 4.08–4.20 |

पाचव्या आणि पुन्हा घेतलेल्या तिसऱ्या विषयात आकडा सहाच आहे, पण ते सहा जण वेगवेगळे आहेत. फक्त आकडे लिहिले असते, तर हा फरक कोणालाच कळला नसता.

शल्यचिकित्सकांना पाचव्या विषयाच्या निर्णयात का धरले नाही? ते निर्णयाच्या वेळी तर उपस्थित होते.

ते उपस्थित होते, पण त्यांनी चर्चा ऐकली नव्हती. उत्तम चिकित्सालयीन पद्धतीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते, की प्रस्तावाच्या छाननीत आणि चर्चेत ज्यांनी भाग घेतला, त्याच सदस्यांनी मत द्यावे. पाचव्या विषयाची रचना त्यांच्याशिवायही पूर्ण होती, म्हणून त्यांना बाजूला ठेवण्यात काही अडचण नव्हती.

याच कारणामुळे तिसऱ्या विषयावर तज्ज्ञांचे मत 3.12 ला घेऊन ठेवणे चुकीचे ठरले असते. ते मत शल्यचिकित्सकांनी ऐकलेच नसते, आणि मग त्यांचा सहभाग कशाच्या आधारे धरायचा? तज्ज्ञांची वेळ मौल्यवान असते आणि त्यांना दोनदा बोलावणे अवघड वाटते, हे मान्य. पण तज्ज्ञांचे मत निर्णय घेणाऱ्या सर्व सदस्यांसमोर यायला हवे, याला पर्याय नाही. फार तर त्यांचे लेखी मत आधी मागवून सर्वांना द्यावे आणि बैठकीत केवळ प्रश्नोत्तरांसाठी त्यांना बोलवावे.

तज्ज्ञ आत-बाहेर दोनदा झाले, तर एकच नोंद करून चालेल का? ‘3.12 ते 4.27’ असे लिहिले तर?

चालणार नाही. तसे लिहिले तर चौथा आणि पाचवा प्रस्तावही तज्ज्ञांनी ऐकला असा अर्थ होतो, आणि त्या प्रस्तावांची कागदपत्रे गोपनीय असतात. प्रत्येक प्रवेशाची वेगळी ओळ लिहावी.

तज्ज्ञ निर्णयाच्या वेळी शांत बसून राहिले तर हरकत आहे का?

नियमांनी त्यांना मताधिकार नाकारला आहे. ‘बाहेर जा’ असा शब्द सर्वत्र लिहिलेला नाही, म्हणून काही समित्या तज्ज्ञांना बसू देतात. आमच्या मते निर्णयापूर्वी त्यांना निरोप देणेच योग्य आहे. त्याचे कारण विश्वासाच्या अभावापेक्षा व्यवहारात अधिक आहे. नैतिकता समितीचे बहुतेक निर्णय हात वर करून होत नाहीत. अध्यक्ष चर्चेचा सूर पाहून सर्वसंमती जाहीर करतात. अशा वेळी खोलीत बसलेल्या ज्येष्ठ तज्ज्ञांची एक मान हललेली पुरते, आणि ती मत होती की नव्हती, हे नंतर कोणी सांगू शकत नाही. बाहेर जाण्याची वेळ निर्णयाच्या वेळेआधीची असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

तज्ज्ञांनी काय म्हटले, हे उपस्थितीच्या नोंदीत लिहायचे का?

उपस्थितीच्या तक्त्यात नाही. इतिवृत्तात त्या विषयाखाली लिहायचे. मात्र तज्ज्ञांचे मत आणि समितीचा निर्णय असे दोन वेगळे परिच्छेद करावेत. ‘तज्ज्ञांच्या मते रात्रीच्या वेळी रक्तशर्करा कमी होण्याचा धोका संमतिपत्रात स्पष्ट नाही’ हे तज्ज्ञांचे मत झाले. ‘संमतिपत्रात ही सुधारणा करून पुन्हा सादर करावे’ हा समितीचा निर्णय झाला. दोन्ही एका वाक्यात मिसळले, की तज्ज्ञांनीच निर्णय दिल्यासारखे वाचले जाते. समितीने तज्ज्ञांचे मत मानले नाही, तर कारणासह तेही लिहावे.

तज्ज्ञ आलेच नाहीत, फक्त ई-मेलने मत पाठवले. त्यांची उपस्थिती लावायची का?

नाही. ते मत त्या विषयाचे सहपत्र म्हणून जोडावे आणि ‘लेखी मत प्राप्त, दिनांक अमुक’ अशी नोंद करावी. फोनवर झालेल्या बोलण्यालाही उपस्थिती म्हणता येत नाही.

ऑनलाइन आलेल्या तज्ज्ञाची सही कशी घ्यायची?

सहीचा आग्रह धरू नये. वेळ मात्र त्या त्या वेळीच लिहून घ्यावी. बैठक संपल्यावर आठवून नव्हे. व्हिडिओ बैठकीच्या प्रणालीतून मिळणारी सहभागींची यादी उपयोगी पडते, पण ती जशीच्या तशी पुरावा मानू नये. त्या यादीत प्रतीक्षा कक्षातला काळही कधी कधी धरला जातो, आणि नेट तुटून पुन्हा जोडले गेल्यास एकाच व्यक्तीच्या चार ओळी दिसतात. सहायकाने हाताने लिहिलेली वेळ मुख्य धरावी आणि प्रणालीची यादी पडताळणीसाठी सोबत ठेवावी. दोन्हींत फरक आला, तर सदस्य-सचिवांनी त्यावर कारण लिहून दिनांकासह सही करावी.

गोपनीयतेचा करार आणि हितसंबंधांची घोषणा उपस्थितीसोबतच घेतली तर चालेल का?

हजेरीच्या कागदाबरोबरच हे दोन कागद सहीसाठी पुढे करण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे, आणि ती सोयीची वाटते. पण तज्ज्ञांना प्रस्ताव बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी गेलेला असतो. गोपनीयतेच्या करारावर बैठकीच्या दिवसाची तारीख असेल, तर मधले आठ-दहा दिवस तज्ज्ञांकडे गोपनीय कागद कोणत्याही बंधनाविना होते, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आधी दोन्ही कागद सही होऊन परत यावेत आणि मगच प्रस्ताव पाठवावा. तज्ज्ञांनी त्याच प्रायोजकाचे काम केलेले असेल, तर तेही याच टप्प्यावर कळते आणि दुसरा तज्ज्ञ शोधायला वेळ मिळतो.

गेल्या महिन्यात मुदत संपलेल्या माजी सदस्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावता येईल का?

येईल, पण त्यांची नोंद निमंत्रितांच्या कागदावरच करावी. अडचण त्यांच्या सवयीची असते. ते नेहमीच्या खुर्चीवर बसतात, सदस्यांच्या हजेरीवर सही करतात आणि कोणालाही ते खटकत नाही. म्हणून सदस्यांचे हजेरीपत्रक प्रत्येक बैठकीपूर्वी चालू यादीवरून नव्याने छापावे, मागच्या वेळची फाइल उघडून तारीख बदलू नये.

संशोधकाला दिल्या जाणाऱ्या मान्यतापत्रात तज्ज्ञांचे नाव द्यायचे का?

देऊ नये. मान्यतापत्राच्या नमुन्यात बैठकीला उपस्थित असलेल्या समितीच्या सदस्यांची नावे द्यायची असतात. तज्ज्ञ सदस्य नाहीत. पण याहून मोठी चूक वेगळीच होते. कार्यालयात मान्यतापत्रे एका बैठकीनंतर एकदम तयार होतात आणि सर्व पत्रांवर सदस्यांची तीच यादी चिकटवली जाते. वरच्या उदाहरणात तसे झाले, तर तिसऱ्या प्रस्तावाच्या मान्यतापत्रावर त्या चाचणीच्या सहसंशोधकांचेच नाव मान्यता देणाऱ्यांत येईल. संशोधन चमूपैकी कोणी निर्णयात भाग घेतला नाही, असे लेखी आश्वासन प्रायोजक मागतात. त्यावर सदस्य-सचिवांची सही होते आणि जोडलेली यादी त्याच्या नेमकी उलट बोलते. प्रत्येक पत्राची यादी विषयनिहाय तक्त्यातील त्या त्या ओळीवरूनच घ्यावी.

मानधनाच्या पावतीचा या नोंदीशी काही संबंध येतो का?

येतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात नसतो. मानधन आणि प्रवासखर्चाची पावती लेखा विभागाकडे जाते आणि तिच्यावर सदस्य व निमंत्रित एकाखाली एक असतात; क्वचित सर्वांना ‘सदस्य’ असेच छापलेले असते. तपासणीत हीच पावती इतिवृत्ताशेजारी ठेवली, की दोन कागद एकमेकांशी भांडू लागतात. पावतीवर निमंत्रितांसाठी वेगळा शब्द आणि विषय क्रमांक टाकायला दोन मिनिटे लागतात.

बाहेर जाण्याची वेळ लिहायची राहून गेली. आता काय करावे?

अंदाजे वेळ भरून जुनी नोंद पूर्ण झाल्यासारखी दाखवू नये. रिकामी जागा तशीच ठेवून शेजारी ‘वेळ त्या वेळी नोंदवली गेली नाही, निर्णयापूर्वी तज्ज्ञ बाहेर गेले होते, असे अध्यक्ष व सदस्य-सचिव यांच्या स्मरणात आहे’ अशी टीप, टीप लिहिल्याचा दिनांक आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त कायम करताना ही टीप वाचून दाखवावी. चुकलेली वेळ खोडायची असेल, तर एकच रेघ मारून मूळ आकडा वाचता येईल असा ठेवावा. पांढरी शाई वापरू नये.

हे कागद किती काळ ठेवायचे?

चिकित्सालयीन चाचण्यांच्या बाबतीत समितीने आपल्या नोंदी चाचणी पूर्ण झाल्यानंतर पाच वर्षे जपायच्या असतात. मुदत बैठकीच्या तारखेपासून मोजली जात नाही. चाचणी चार वर्षे चालली, तर तिच्या पहिल्या बैठकीचा निमंत्रितांचा कागद नऊ वर्षांनीही मिळायला हवा. एका बैठकीत पाच प्रस्ताव असतील, तर त्या पाचांपैकी सर्वांत उशिरा संपणारी चाचणी त्या बैठकीच्या कागदांची मुदत ठरवते. म्हणून निमंत्रितांचा कागद बैठकीच्या फाइलमध्ये ठेवावा आणि त्याची एक प्रत संबंधित प्रस्तावाच्या फाइलमध्येही लावावी. थर्मल प्रिंटरवर छापलेल्या ऑनलाइन सहभागाच्या पावत्या मात्र आधी साध्या कागदावर झेरॉक्स करून घ्याव्यात, कारण त्यांवरची अक्षरे काही वर्षांत पुसट होतात.